शेकडा कशाचा?

आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवण्यास प्रारंभ केला की पहिले दोन तास मोठ्या समाधानात जातात. ‘छापील किंमत ५०० रुपये, सूट शेकडा १०, तर विक्री किंमत किती?’ असे उदाहरण फळ्यावर लिहून होण्यापूर्वीच मागच्या बाकांवरून ‘साडेचारशे’ असे उत्तर येते. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या आठवीच्या पुस्तकात ‘सूट व कमिशन’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातील सूत्रे मुलांना चटकन पाठ होतात आणि शिक्षकालाही वाटते की विषय समजला. अनेक वर्षे मलाही तसेच वाटत असे.

हे समाधान फसवे आहे, हे मला एका तयार कपड्यांच्या दुकानातील पावतीने शिकवले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, शेकडेवारीचा पाठ पुस्तकातील उदाहरणांवर संपवू नये. तो खऱ्या पावतीवर संपवावा. पावत्यांमुळे गणित ‘मनोरंजक’ होते, हे त्याचे कारण नव्हे. पुस्तकातील उदाहरण मुलाला एक गोष्ट फुकट देऊन टाकते आणि पावती ती देत नाही, हे खरे कारण आहे. ती गोष्ट म्हणजे शेकडा कशाचा काढायचा, याचे उत्तर.

पावती साधीच होती. सदऱ्याच्या चिठ्ठीवर किंमत १,२६० रुपये, ‘सर्व करांसह’. सूट २० टक्के, म्हणजे २५२ रुपये. देय रक्कम १,००८ रुपये. खाली बारीक अक्षरांत केंद्रीय जीएसटी अडीच टक्के, २४ रुपये आणि राज्य जीएसटी अडीच टक्के, २४ रुपये. मी पावतीच्या छायाप्रती वाटल्या आणि एवढेच सांगितले, “दुकानदाराचा हिशेब तपासा.”

सूट सर्वांनी बिनचूक काढली. घोटाळा कराशी झाला. निम्म्या वर्गाने १,००८ वर ५ टक्के कर मिळवून १,०५८ रुपये ४० पैसे असे उत्तर काढले आणि दुकानदार कर घ्यायला विसरला, असा निष्कर्ष नोंदवला. काहींच्या लक्षात आले की कर किमतीतच धरलेला आहे. परंतु त्यांनी १,००८ चे ५ टक्के काढले, ते ५० रुपये ४० पैसे आले. पावतीवर तर ४८ च रुपये. एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, यानं सरकारला दोन रुपये चाळीस पैसे कमी दाखवलेत.” वर्गाला हे पटले. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण इथे गुणाकार-भागाकार कुणाचाही चुकला नव्हता. चुकला होता तो पाया.

कर मालाच्या मूळ मूल्यावर लागतो. कर मिळवून झालेल्या रकमेवर नव्हे. मूळ मूल्याचे १०० समान भाग कल्पिले, तर कराचे आणखी ५ भाग होतात. म्हणजे ग्राहकाने दिलेले १,००८ रुपये हे अशा १०५ भागांचे मिळून झाले आहेत. एक भाग १,००८ भागिले १०५, म्हणजे ९ रुपये ६० पैसे. मूळ मूल्य शंभर भाग, म्हणजे ९६० रुपये. कर पाच भाग, म्हणजे ४८ रुपये. तो केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा वाटला गेला, २४ आणि २४. दुकानदाराचा हिशेब चोख होता.

दोन रुपये चाळीस पैशांचे कोडेही मग सुटले. ते ४८ रुपयांचे ५ टक्के आहेत. वर्गाने करावरही कर आकारला होता! हे मुलांनी स्वतः शोधले आणि त्यानंतर सूत्र सांगण्याची गरजच उरली नाही.

याच पावतीचा दुसरा उपयोग मी पुढल्या तासाला करते. दुकानाबाहेर ‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’ अशी पाटी आहे, असे समजा. सदरा कितीला पडेल? वर्ग एकमुखाने ‘३० टक्के सूट’ म्हणतो आणि ८८२ रुपये सांगतो. प्रत्यक्षात पहिल्या सुटीनंतर किंमत १,००८ राहते. दुसरी सूट त्या १,००८ वर मिळते, म्हणून ती १०० रुपये ८० पैसे होते आणि सदरा ९०७ रुपये २० पैशांना पडतो. फरक २५ रुपये २० पैशांचा. हा फरक कुठून आला, हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. तो नेमका २५२ रुपयांचा दहावा हिस्सा आहे. जे २५२ रुपये आधीच कमी झाले, त्यांच्यावर पुन्हा सूट कोण देणार? एकूण सूट २८ टक्के होते. सुटींचा क्रम उलटा केला, तरी उत्तर तेच येते. पण ते मुलांनी स्वतः करून पाहावे, शिक्षकाने सांगू नये.

तिसरा प्रश्न हीच खरी परीक्षा. किमतीची चिठ्ठी फाटली आहे. २० टक्के सुटीनंतर १,००८ रुपये दिले, एवढेच ठाऊक आहे. छापील किंमत किती होती? ज्याला केवळ सूत्र पाठ आहे तो १,००८ चे २० टक्के, म्हणजे २०१ रुपये ६० पैसे मिळवतो आणि १,२०९ रुपये ६० पैसे असे उत्तर देतो. ज्याला पाया कळला आहे तो म्हणतो, हे १,००८ रुपये छापील किमतीच्या शंभरापैकी ८० भाग आहेत; एक भाग १२ रुपये ६० पैसे; शंभर भाग १,२६०. करासाठी १०५ भाग, सुटीसाठी ८० भाग, पद्धत एकच. समोरची रक्कम शंभराच्या किती भागांची आहे, हे ओळखता आले की सरळ आणि उलट अशी दोन प्रकारची उदाहरणे राहतच नाहीत. ज्याला हा तिसरा प्रश्न सुटतो त्याला शेकडेवारी आली, असे मी मानते. पहिल्या प्रकारची वीस उदाहरणे बरोबर आली तरी मी तसे मानत नाही.

यावर सहकारी शिक्षकांचे दोन आक्षेप असतात. पहिला वेळेचा. पावतीला दोन तास जातात आणि परीक्षेत तर सरळ उदाहरणे येतात. हा आक्षेप खोटा नाही. पण पुस्तकातील एकाच छापाची उदाहरणे निम्मी केली, तर हे दोन तास निघतात, असा माझा अनुभव आहे. दुसरा आक्षेप असा की कराचे दर बदलत राहतात. तेही खरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगास अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना ५ टक्के आणि त्यावरील कपड्यांना १८ टक्के असा दर झाला. त्यापूर्वी रचना निराळी होती. परंतु दर पाठ करवून घेणे हा या पाठाचा हेतूच नाही. दर पावतीवर छापलेला असतो, तिथून तो घ्यावा. जुनी पावती मिळाली तर उत्तमच. १०५ च्या जागी दुसरा आकडा येईल, रीत तीच राहील.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. पावत्या मुलांना घरून आणायला सांगू नयेत. पहिल्या वर्षी मी तसे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कोण कुठून किती रुपयांची खरेदी करतो, याचे प्रदर्शन भरले. उधारीवर किराणा आणणाऱ्या घरची दोन मुले त्या दिवशी मान खाली घालून बसली होती. ती चूक माझी होती. आता मी स्वतःच्या खरेदीच्या पावत्या आणते, त्यांवरील भ्रमणध्वनी क्रमांक झाकते आणि त्यांच्या छायाप्रती काढते. कारण त्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. पहिली पावती एकाच वस्तूची असावी. निरनिराळ्या दरांच्या दहा वस्तू एका पावतीवर आल्या, तर मुले बेरजेतच हरवतात. शेवटी ‘राउंड ऑफ’ म्हणून काही पैसे इकडेतिकडे केलेले असतात, तेही आधी सांगून ठेवावे. नाहीतर सारा वर्ग वीस पैशांची चोरी शोधत बसतो.

हा प्रश्न सदऱ्यापुरताच असता, तर बँकेच्या नियतकालिकात मी तो मांडला नसता. पंचवीस रुपयांची चूक कुणालाही परवडते. परंतु हीच मुले पुढे दहा-बारा वर्षांनी कर्जाच्या कागदावर सही करतील. एक लाख रुपये एक वर्षासाठी, व्याज ‘फक्त १० टक्के फ्लॅट’, बारा समान हप्ते, असे कुणी सांगितले की व्याज दहा हजार आणि हप्ता सुमारे ९,१६७ रुपये होतो. ऐकायला १० टक्के. परंतु हे १० टक्के पूर्ण लाखावर वर्षभर आकारलेले असतात आणि मुद्दल मात्र दर महिन्याला परत जात असते. प्रत्यक्ष शिल्लक रकमेवर मोजले, तर हाच दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो. यात लबाडी आकड्यात नाही, पायात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावे लागते आणि त्यात शुल्कांसह वार्षिक दर नमूद करावा लागतो. तो कागद हाती येईल. पण दोन दर शेजारी-शेजारी का वेगळे दिसतात, हे कळण्यासाठी आठवीतला तो एक प्रश्न ठाऊक असावा लागतो.

म्हणून माझ्या वर्गात टक्क्याचे चिन्ह फळ्यावर आले की मी आकडेमोड करू देत नाही. आधी कुणीतरी विचारावे लागते, “बाई, शेकडा कशाचा?” वाचकांच्या घरी आठवीतले मूल असेल, तर पुढच्या खरेदीची पावती फेकण्याआधी ती त्याच्या हाती द्यावी आणि त्यातला कर किती, हे त्याला काढायला सांगावे. उत्तर पावतीवर छापलेले असतेच. ते अंगठ्याखाली झाकून ठेवावे, इतकेच.