सीईटीच्या निकालातली पर्सेंटाइल बरोबर आहे का? घरबसल्या अशी तपासा

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ते फिरू लागतात: ‘१२० गुण म्हणजे इतके पर्सेंटाइल.’ आपल्या निकालपत्रातला आकडा या तक्त्याशी जुळला नाही, की घोटाळ्याची शंका येते. २०२४ च्या निकालानंतर तर पर्सेंटाइलसोबत मूळ गुणही दाखवा, अशी मागणी झाली होती. पण फिरणाऱ्या तक्त्यापेक्षा जास्त खात्रीची एक तपासणी आहे आणि ती मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येते.

आकडा येतो कुठून?

ही परीक्षा एका दिवशी होत नाही. लाखो विद्यार्थी अनेक दिवसांत, वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळे पेपर सोडवतात. एखादा पेपर सोपा, एखादा अवघड असतो. म्हणून मूळ गुणांची थेट तुलना न करता प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या परीक्षार्थींशी केली जाते. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. सूत्र सोपे आहे: सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळालेले विद्यार्थी (तुम्ही धरून) मोजा, त्याला सत्रात हजर असलेल्या एकूण विद्यार्थ्यांनी भागा आणि १०० ने गुणा.

म्हणूनच १२० गुणांना एका सत्रात जास्त आणि दुसऱ्या सत्रात कमी पर्सेंटाइल मिळू शकते. प्रत्येक सत्रातल्या अव्वल विद्यार्थ्याला १०० पर्सेंटाइल मिळते, मग त्याचे गुण २०० पैकी १९० का असेनात. यात चूक काहीच नाही.

एक उदाहरण

समजा, एका सत्रात २४,३६० विद्यार्थी हजर होते आणि एका मुलीच्या निकालपत्रावर ९२.२६१९०४८ हा आकडा आहे. आता उलटा हिशेब करा. २४,३६० ला ९२.२६१९०४८ ने गुणून १०० ने भागा. उत्तर येते २२,४७५.००००१. म्हणजे २२,४७५ जण तिच्याइतके किंवा तिच्याहून मागे आणि १,८८५ जण पुढे.

इथेच खरी मेख आहे. माणसे मोजायची असल्याने उत्तर पूर्ण संख्येलाच चिकटून यायला हवे. समजा छपाईत एक आकडा चुकला आणि ९२.२५१९०४८ आले, तर उत्तर २२,४७२.५६ येईल. अर्धा विद्यार्थी असू शकत नाही, म्हणजे कुठेतरी गडबड आहे. पर्सेंटाइल दशांशानंतर सात अंकांपर्यंत छापली जाते ती एकाच आकड्यावर फार जण येऊ नयेत म्हणून. पण त्यामुळेच ही तपासणी इतकी चोख होते. दोनच अंक घेतलेत तर ती निकामी ठरते.

उत्तर जुळले नाही तर?

आधी भागाकारातला आकडा तपासा. नोंदणी केलेले नव्हे, हजर असलेलेच विद्यार्थी धरायचे. वरच्या उदाहरणात नोंदणीचा आकडा २५,१०० असता आणि तोच घेतला असता, तर उत्तर २३,१५७.७४ आले असते. आकडाही पूर्ण परीक्षेचा नको, आपल्या सत्राचाच हवा. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या प्रश्नांचे पर्याय चुकल्याने ५ मे रोजी फेरपरीक्षा घेतली गेली. अशा वेळी हिशेबात फेरपरीक्षेची हजेरी धरावी लागते.

दुसरी हमखास चूक म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून ती एकूण पर्सेंटाइलशी ताडून पाहणे. एकूण पर्सेंटाइल तीन विषयांच्या एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात. पहिल्या दोन विषयांना प्रत्येकी ५० आणि गणिताला १०० गुण असतात. शिवाय तिन्ही विषयांत एकदम पुढे असणारे थोडेच असतात. म्हणून प्रत्येक विषयात ९० च्या आसपास असलेल्याची एकूण पर्सेंटाइल बहुतेक वेळा ९० च्या वर जाते.

ही तपासणी काय सांगत नाही?

उत्तर पूर्ण आले, तर छापलेला आकडा आणि हजेरी यांचा मेळ बसतो, एवढेच कळते. तुमचे मूळ गुण नीट मोजले गेले का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लॉगिनमध्ये मिळणारी आपली उत्तरे आणि उत्तरतालिका शेजारी ठेवून बरोबर उत्तरे मोजावी लागतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने ही बेरीज सरळ आहे. आणि उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची, तर ती निकालाआधी, दिलेल्या मुदतीतच घेता येते. त्यामुळे गुणांची बेरीज त्याच आठवड्यात करून, सत्राची तारीख आणि वेळेसह लिहून ठेवलेली बरी.