विश्लेषण : करार मोडला, तरी न्यायालय ‘करार पाळाच’ असे का सांगत नाही?

भाडेकराराची 19 वर्षे शिल्लक असताना भाडेकरूने दुकान बंद केले, तर न्यायालय त्याला ते पुन्हा उघडायला लावू शकते का? इंग्लंडमधील शेफील्डच्या एका खटल्यात याचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले. भारतीय कायद्यातला एक अपवादही या खटल्यामुळे नीट समजतो.

प्रकरण काय होते?

हिल्सबरो शॉपिंग सेंटरमधील सर्वांत मोठी जागा 1979 मध्ये 35 वर्षांच्या कराराने सुपरमार्केटसाठी देण्यात आली. कामकाजाच्या वेळेत दुकान सुरू ठेवायचे, अशी अट होती. तोटा होऊ लागल्यावर अर्गाइल स्टोअर्स कंपनीने 1995 मध्ये दुकान बंद केले आणि आतले फर्निचरही काढून नेले. मोठ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांवर आजूबाजूची छोटी दुकाने चालतात. त्यामुळे जागामालकाला भरपाई नको होती, दुकानच सुरू हवे होते. अपील न्यायालयाने तसा आदेश दिलाही. पण 1997 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो एकमताने रद्द केला.

कारण काय दिले?

आदेश मोडला तर न्यायालयाच्या हाती अवमानाची कारवाई हेच शस्त्र उरते, आणि धंदा चालवून घेण्यासाठी ते फारच जड आहे. शिवाय दुकान ‘सुरू’ आहे म्हणजे नेमके काय? अर्धी फडताळे रिकामी असली तर चालेल का? दर वेळी पक्षकार न्यायालयात येणार. दुसरे म्हणजे, तोट्यातला धंदा वर्षानुवर्षे रेटायचा खर्च मालकाच्या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो. मग आदेश हातात असलेला मालक सुटकेसाठी मागेल ती रक्कम वसूल करणार. त्यापेक्षा भरपाई एकदाच ठरते आणि वाद मिटतो.

भारतात काय स्थिती?

स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये 2018 साली दुरुस्ती झाली. करारपूर्तीचा आदेश द्यायचा की नाही, हा न्यायाधीशांचा स्वेच्छाधिकार तिने काढून घेतला. तरी ज्यावर न्यायालय देखरेख करू शकत नाही अशा सततच्या कामाला कलम 14 मध्ये अपवाद कायम आहे. शेफील्डसारखा दावा इथेही बहुधा याच कलमावर अडेल.

साठेखताचे तसे नाही. तिथे एकदा खरेदीखत झाले की काम संपते. विक्रेता सहीला आलाच नाही, तर न्यायालय त्याच्या वतीने दस्त करून देऊ शकते. मात्र उरलेली रक्कम द्यायची आपली तयारी आणि ऐपत सुरुवातीपासून होती, हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते. अनेक दावे इथेच फसतात. बँकेचे खातेउतारे किंवा कर्जमंजुरीचे पत्र उपयोगी पडते ते याच टप्प्यावर. विसाराची रक्कम परत मिळण्याची पर्यायी मागणीही दाव्यात स्पष्ट लिहावी लागते. कलम 22 नुसार न मागता ती मिळत नाही; सुरुवातीला राहून गेली असेल, तर दावा दुरुस्त करून घेण्याची मुभा आहे.