चिता मागास, भट्टी वैज्ञानिक? एका सोयीस्कर समजाची उलटतपासणी

१/ उघडी चिता ही पौर्वात्य मागासपणाची खूण, बंद भट्टीतील दहन ही पाश्चात्त्य विज्ञानाची देणगी, आणि म्हणूनच ब्रिटनने प्रदूषणाच्या कारणास्तव चितेवर बंदी घातली, असे छातीठोकपणे सांगितले जाते. दुसरीकडे, २०१० मध्ये ब्रिटिश न्यायालयाने चितेला परवानगी दिली, असा विजयघोषही फिरत असतो. कायदा आणि निकाल वाचले, तर यांपैकी एकही विधान टिकत नाही.

२/ आरंभ कोल्हापूरपासून करावा लागतो. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्स येथे निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, विशेष परवानगीने, हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले. तेथे १८७४ मध्ये उभारलेले स्मारक आजही आहे.

३/ त्या काळच्या युरोपात हे दृश्य अपूर्व होते. ख्रिस्ती युरोपात दफन हाच रिवाज होता. आठव्या शतकात शार्लमेनने सॅक्सन लोकांना जुन्या पद्धतीने प्रेत जाळल्यास देहदंड फर्मावला होता. तेव्हा ‘युरोप आधीपासूनच दहनाच्या विज्ञानात पुढे होता’ हे म्हणणे मुळातच खोटे ठरते.

४/ मग बदल का झाला? वाढत्या शहरांतील दफनभूमी भरून गेल्या आणि आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी दहनाची भट्टी मांडली. १८७४ मध्ये शल्यचिकित्सक सर हेन्री थॉम्प्सन यांनी लंडनमध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापली. १८७६ मध्ये मिलान येथे आधुनिक दाहगृह सुरू झाले. फ्लोरेन्सच्या चितेमुळे हे घडले, असा दावा मात्र कोणी करू नये. त्याला आधार नाही.

५/ थॉम्प्सन यांच्या संस्थेने वोकिंग येथे भट्टी बांधली आणि १८७९ मध्ये एका मृत घोड्यावर तिची चाचणी घेतली. घोडा व्यवस्थित जळाला, पण गावकरी खवळले. गृहमंत्र्यांनी माणसाचे दहन करण्यास मज्जाव केला आणि भट्टी सहा वर्षे थंड पडली. म्हणजे आज सुसंस्कृत वाटणारी हीच बंद भट्टी तेव्हा इंग्रजांना किळसवाणी वाटत होती.

६/ कोंडी फुटली ती एका उघड्या आगीमुळे. जानेवारी १८८४ मध्ये वेल्समधील लॅन्ट्रिसंट येथे डॉ. विल्यम प्राइस या ८३ वर्षांच्या विक्षिप्त वैद्याने आपल्या तान्ह्या मुलाचे प्रेत टेकडीवर जाळावयास घेतले. जमावाने ते बाहेर ओढून काढले आणि प्राइस यांच्यावर खटला झाला. न्यायमूर्ती स्टीफन यांनी निर्णय दिला : लोकांना उपद्रव होत नसेल आणि मृत्यूची चौकशी टाळण्याचा हेतू नसेल, तर प्रेत जाळणे हा गुन्हा नाही.

७/ या निकालानंतर १८८५ मध्ये वोकिंगच्या भट्टीत पहिले दहन झाले. विरोधाभास ध्यानात घ्यावा : इंग्लंडमध्ये दहनाला कायद्याचा आधार मिळाला तो भट्टीच्या गुणांमुळे नव्हे, तर उघड्या टेकडीवर पेटवलेल्या आगीमुळे. भट्टी ही त्या आगीची लाभार्थी आहे.

८/ पुढे आला १९०२ चा दहन कायदा. मानवी अवशेष जाळण्याची साधने बसवलेली ‘इमारत’ म्हणजे दाहगृह, अशी व्याख्या त्याने केली. दाहगृह घरांपासून २०० यार्ड आणि सार्वजनिक रस्त्यापासून ५० यार्ड दूर असावे, असा सर्वसाधारण दंडक घातला. विषप्रयोगासारखा गुन्हा राखेबरोबर नाहीसा होऊ नये, म्हणून मृत्यूच्या दाखल्यांचे नियमही या कायद्याखाली झाले. उघड्या चितेच्या वाटेत आडवा आला तो एकच शब्द : ‘इमारत’.

९/ हा कायदा लागू असतानाच पहिले महायुद्ध पेटले. ब्रायटनच्या रुग्णालयांत जखमी हिंदी सैनिक दाखल झाले. त्यांतील दगावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन १९१४-१५ मध्ये शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर, उघड्यावर, लाकडांच्या चितेवर झाले. त्या जागी उभारलेल्या ‘छत्री’चे अनावरण १९२१ मध्ये युवराजांच्या हस्ते झाले. साम्राज्याला सैनिक हवे होते, तेव्हा चितेचा विटाळ आडवा आला नाही.

१०/ नव्वद वर्षांनी न्यूकॅसलचे रहिवासी दवेंदर घई यांनी स्वतःच्या मृत्यूनंतर चितेवर दहन व्हावे, अशी मागणी नगर परिषदेकडे केली. ती २००६ मध्ये फेटाळली गेली. उच्च न्यायालयात सरकारपक्षाने काय सांगितले? उघड्यावर प्रेत जळत आहे, या विचाराने बहुसंख्यांच्या भावना दुखावतील. २००९ मध्ये घई हरले ते या युक्तिवादापुढे. ‘प्रदूषणामुळे बंदी’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा तरी वाचावा.

११/ फेब्रुवारी २०१० मध्ये अपील न्यायालयात घई जिंकले. पण कसे, हे महत्त्वाचे. आग खरी असावी आणि देहावर थेट सूर्यप्रकाश पडावा, एवढीच आपली अट आहे. भोवती भिंती आणि वर मोठे झरोके असलेले छत चालेल, असे त्यांनी स्पष्ट केले होते. लॉर्ड न्यूबर्गर यांनी ठरवले की अशी रचनाही १९०२ च्या कायद्यातील ‘इमारत’ या शब्दात बसते.

१२/ म्हणजे न्यायालयाने मोकळ्या माळावरच्या चितेला परवानगी दिली नाही. बांधकामाची परवानगी आणि प्रदूषण-नियंत्रणाचे नियम हे प्रश्न त्याने निकालाबाहेर ठेवले. विजयघोष करणारे नेमके हेच गाळतात. धार्मिक स्वातंत्र्याचा जयजयकार त्या निकालात शोधणे व्यर्थ आहे. तेथे एका नामाचा अर्थ लावला आहे, इतकेच.

१३/ मग पर्यावरणाचे काय? तो प्रश्न खरा आहे. एका चितेस साधारण ३०० ते ५०० किलो लाकूड लागते, आणि ओल्या लाकडाचा धूर कोणत्याही श्रद्धेने शुद्ध होत नाही. पण भट्टीही निर्दोष नव्हे. दातांत भरलेल्या मिश्रधातूतील पाऱ्याची तिच्या उष्णतेत वाफ होते आणि ती धुराड्यातून हवेत जाते. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१२ अखेरपर्यंत निम्म्या दहनांतील पारा रोखण्याचे लक्ष्य ठरवावे लागले.

१४/ यातील फरक पाहावा. पारा मोजता येतो, म्हणून गाळणी बसवता आली. लाकूड मोजता येते, म्हणून खालून हवा खेळवणाऱ्या लोखंडी जाळीवर आणि धुराड्याखाली सरण रचून ते कमी करता येते. शिसारी मात्र मोजता येत नाही. ती १८७९ मध्ये भट्टीची होती, २००९ मध्ये चितेची झाली.

१५/ प्रेताची व्यवस्था ठरवताना कायद्याने धूर, पारा, लाकूड आणि गुन्ह्याची शक्यता यांचा हिशेब जरूर मागावा. तो हिशेब चितेकडून मागावा, भट्टीकडून मागावा आणि दफनभूमीकडूनही मागावा. पण बहुसंख्यांच्या शिसारीला विज्ञानाचे नाव देऊन इतिहास सांगणे थांबावे. पॅचमच्या टेकडीवर जळालेल्या ५३ सैनिकांनंतर तरी हा बहाणा ब्रिटनला शोभत नाही, आणि तोच बहाणा मराठीत उगाळणाऱ्यांना तर मुळीच नाही.