ठेकेदाराचे बिल चुकते केले म्हणजे मालक सुटला काय?

आमच्या व्यापारी बांधवांत एक समजूत पक्की बसली आहे. काम ठेक्याने दिले, ठेकेदाराचे बिल महिनाअखेर चुकते केले, की मजुरांशी आपला संबंध संपला. कायदा असे मानत नाही. आमच्या गुहागरात हा प्रश्न नवा नाही. अंजनवेलला दाभोळ वीज प्रकल्प उभा राहात होता तेव्हा बड्या कंपनीखाली ठेकेदार आणि त्याच्याखाली पोटठेकेदार ही साखळी सर्वांनी पाहिली. २००१ साली तिथले काम थांबले. अशा वेळी शेवटच्या कडीतल्या मजुराने पैसे मागायचे कुणाकडे, हा खरा सवाल आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठेका कामगारांसंबंधीची कलमे ५० किंवा अधिक मजुरांना लागू होतात, म्हणून आमचे लहान कारखानदार निर्धास्त आहेत. पण वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्या मालकावर ती येते. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भारही देणाऱ्यावरच आहे, मजुरावर नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे तर विचारूच नका. तिथे ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली जाते की नाही, याची जबाबदारी मूळ मालकाचीच आहे.

एक मिसाल घेऊ. समजा एका कापड व्यापाऱ्याने शाळांच्या गणवेशाचे काम घेतले. गाळा त्याचा, मशिनी त्याच्या, कापड त्याचे. शिवणारे २४ कारागीर ठेकेदाराचे. प्रत्येकाची मजुरी महिना १२,००० रुपये आणि ठेकेदाराचे बिल ३,१५,००० रुपये. मालक म्हणतो, सौदा स्वस्तात पडला.

आता जमाखर्च मांडा. मजुरी झाली २,८८,०००. फंडाचा मालकाकडचा भाग, विमा व प्रशासन खर्च धरून १३ टक्के, म्हणजे ३७,४४०. बेरीज ३,२५,४४०. बिलापेक्षा खर्चच १०,४४० रुपयांनी जास्त, आणि ठेकेदाराचा नफा अजून धरलेलाच नाही. मग तो जगतो कसा? २४ पैकी १६ जणांचीच नावे तो फंडात भरतो. पण १२ टक्के कपात मात्र सर्वांच्या मजुरीतून करतो. उरलेल्या आठ जणांचे कापलेले ११,५२० रुपये त्याच्या खिशात जातात. ही चोरी दर ठरला त्याच दिवशी ठरली होती. म्हणून आमचे मत असे की अंतर्गत तपासणीची सुरुवात ठेकेदाराच्या वहीपासून नव्हे, आपण लावलेल्या दरापासून व्हावी.

त्यानंतर तीन कागद शेजारी शेजारी ठेवावेत. हजेरीपट, बँकेतून मजुरी गेल्याची यादी आणि फंडाचे मासिक विवरण. आमचे बहुतेक लोक चलनाची पावती पाहून समाधान मानतात. पावती खरीच असते, पण ती ठेकेदाराच्या दुसऱ्या कामावरच्या माणसांची असू शकते. म्हणून रक्कम नव्हे, नाव नावाशी जुळवावे. दोन-तीन नावांपुढे एकच बँक खाते दिसले तर थांबावे. सीझनमध्ये रात्री दहापर्यंत दिवे जळतात आणि वहीत जादा तास शून्य, हेही तसेच. शेवटी मुकादम नसताना चार कारागिरांना नुसते एवढे विचारावे, हातात किती पडले? खात्यात गेलेले पैसे परत रोख काढून घेण्याची रीत कुठल्याच कागदावर दिसत नाही.

आमच्या मिसालीत सुटलेल्या आठ जणांची दोन्ही बाजूंची वर्गणी आणि खर्च मिळून महिना २४,००० होतो. वर्षभर लक्ष दिले नाही तर २,८८,०००. त्यावर साल १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. ठेकेदाराकडून ही रक्कम वसूल करण्याचा हक्क मालकाला आहे, पण तोवर ठेकेदार सापडला पाहिजे.

काही जण म्हणतील, करारात लिहून घेतले आहे की कामगार आमचे नाहीत. कालिकतच्या हुसेनभाई यांच्या दोरखंड कारखान्यातही मजूर ठेकेदारांनीच आणलेले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की जागा, सामान, कच्चा माल मालकाचा आणि तयार मालही त्याच्याच धंद्याचा, आणि मजूर त्याचेच ठरवले. वरचा गणवेशाचा गाळा याहून वेगळा कुठे आहे? कापड घरी नेऊन आपल्या मशिनीवर शिवणाऱ्याची गोष्ट निराळी, तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

बिलाचा शिरस्ता बदलणे व्यापाऱ्याच्या हातात आहे. मासिक मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत गेली पाहिजे. ती बँकेत गेल्याची यादी आल्यावर बिलाचा मोठा भाग द्यावा आणि फंडाचे नावनिशीवार विवरण आल्यावर बाकीचा. यादीत नाव नसलेल्या माणसाची रक्कम रोखून धरावी, आणि तसे करण्याची मुभा करारात आधीच लिहून घ्यावी.