खोलीचे भाडे आणि इंग्रजीतली कात्री

विम्याच्या अर्जात एक घोषणापत्र असते. अर्जदाराला इंग्रजी येत नसेल, तर अटी त्याच्या भाषेत समजावून सांगितल्या, असे त्यात कोणीतरी सही करून लिहून देतो. ही सही बहुधा एजंटची असते. समजावले किती, हे दवाखान्याचे बिल आल्यावर कळते.

आरोग्य विम्यातली एकच अट पाहू. पॉलिसी पाच लाखांची. आत लिहिलेले असते, 'रूम रेंट: विमा रकमेच्या एक टक्का, प्रतिदिन'. म्हणजे रोज पाच हजार. दवाखान्यात आठ हजारांची खोली मिळाली आणि रुग्ण पाच दिवस राहिला. घरचे हिशेब करतात, वरचे तीन हजार रोज, म्हणजे पंधरा हजार आपल्या खिशातून जातील. हा हिशेब चुकतो, कारण पुढच्या परिच्छेदात 'प्रपोर्शनेट डिडक्शन' दडलेले असते. मराठीत सांगायचे तर, खोली जितक्या प्रमाणात महाग, तितक्या प्रमाणात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही कापला जातो.

समजा खोलीचे चाळीस हजार, डॉक्टर व शस्त्रक्रियेचे एक लाख वीस हजार, औषधे, इम्प्लांट व तपासण्यांचे साठ हजार. एकूण दोन लाख वीस हजार. आठ हजारांत पाच हजार म्हणजे साडेबासष्ट टक्के. खोलीचे पंचवीस हजार मिळतात, एक लाख वीस हजारांचे पंचाहत्तर हजार होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. विमा नियामक 'इरडाई'ने ते स्पष्ट केले आहे. म्हणून एक लाख साठ हजार मिळायला हवेत. पंधरा हजारांऐवजी साठ हजार खिशातून गेले, आणि तेही नियमाप्रमाणे!

सगळ्या बिलालाच कात्री लागली, तर हाती फक्त एक लाख साडेसदतीस हजार येतात. साडेबावीस हजारांचा हा फरक इंग्रजी न वाचणाऱ्याला दिसणार कसा? आयसीयूच्या खर्चालाही ही प्रमाणशीर कपात लागत नाही. दवाखाना खोलीनुसार वेगळे दर लावत नसेल, तर ती मुळातच लागू होत नाही. दवाखान्याकडून तसे लेखी घ्या.

'ग्राहकाने वाचायला हवे होते' हे उत्तर मला मान्य नाही. मराठीत पॉलिसी विकता येते, हप्ता मराठीत मागता येतो. मग नकाराचे कारणच तेवढे इंग्रजीत का? पॉलिसीसोबतचे ग्राहक माहिती पत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे लागते. मागा, लेखी मागा, आणि त्यात आधी खोलीभाड्याची ओळ शोधा.

दावा कापला गेला असेल तर कोणत्या रकमेवर कोणत्या कलमाने किती कपात झाली, हे कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी विचारा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवे.