वेगमर्यादेचा बंदोबस्त : थांबवावे की टाकून द्यावे?

ग्राहकाशी करार 20 मेगाबिटांचा आणि त्याच्या दारापर्यंत गेलेली जोडणी मात्र 1 गिगाबिटाची, अशा स्थितीत मर्यादा कशी अमलात आणावी याविषयी नेटवर्क चालविणाऱ्यांपैकी पुष्कळांचे मत असे की, पोलिसिंग आणि शेपिंग या दोहोंच्या मुळाशी एकच टोकन बकेट असल्यामुळे परिणामही एकच. आणि पोलिसिंगला मेमरी लागत नाही, विलंबही होत नाही, सबब तेच पसंत करावे. या मताचा प्रसार इतका आहे, आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला असा निमूटपणे सोसावा लागतो, की त्याचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते.

बकेट एकच आहे, हे खरे. तीत ठरल्या वेगाने, म्हणजे येथे सेकंदाला 25 लाख बाइट या हिशेबाने, टोकने जमा होतात, ती भरली की वरची टोकने वाया जातात, आणि प्रत्येक पॅकेट आपल्या लांबीइतकी टोकने खर्चून पुढे जाते. परंतु टोकन शिल्लक नसताना आलेल्या पॅकेटाचे काय करावयाचे, या एकाच ठिकाणी दोन्ही मार्ग फुटतात : पोलिसिंग ते तत्काळ टाकून देते, शेपिंग त्याला टोकन मिळेपर्यंत रांगेत थांबवते. प्रतिपक्ष ज्याला किरकोळ तपशील समजतो, त्यातच सारा फरक साठलेला आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. बकेटमध्ये एका सेकंदाची, म्हणजे 25 लाख बाइटांची, टोकने मावतात आणि ती भरलेली आहे. सर्व्हरपर्यंतच्या फेरीला 40 मिलिसेकंद लागतात. टीसीपी पहिल्या फेरीत 1500 बाइटांची 10 पॅकेटे पाठवते आणि दर फेरीला संख्या दुप्पट करीत जाते. बकेटमध्ये टोकने असेतोवर काहीच हरवत नाही व फेरीचा वेळही वाढत नाही, म्हणून प्रेषकाला मार्ग मोकळाच भासतो. आठव्या फेरीत तो 1280 पॅकेटे सोडतो, म्हणजे 40 मिलिसेकंदांत सुमारे 19 लाख बाइट, जो वेग कराराच्या 19 पट आहे. टोकने मात्र सुमारे 800 पॅकेटांना पुरतात आणि उरलेली 480 एका झटक्यात नष्ट होतात. विलंब वाढला की वेग आवरणाऱ्या प्रेषकालाही येथे इशारा मिळत नाही, कारण विलंब वाढलेलाच नसतो. टीसीपी शेवटी जुळवून घेते, हा प्रतिपक्षाचा दावा खोटा नाही. पण जुळवून घेण्यापूर्वी ती कोसळते, आणि ग्राहकाचा व्हिडिओ मध्येच अडखळतो तो त्याच क्षणी. गूगलच्या व अन्य संशोधकांनी 2016 साली सिगकॉम परिषदेत मांडलेल्या पाहणीत पोलिसिंग झालेल्या प्रवाहांतील पॅकेटहानी सरासरीने इतरांच्या सहापटींहून अधिक आढळली होती.

बकेट लहान करावी, तर 32 किलोबाइटांत जेमतेम एकवीस-बावीस पॅकेटे मावतात आणि गिगाबिटाने आलेला साधा झोतही तोडला जातो, त्यामुळे 20 मेगाबिटांचे पैसे भरलेल्याला प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. म्हणजे आकार बदलून दोष मिटत नाही, जागा बदलतो.

शेपिंगमध्ये हाच झोत रांगेत उभा राहतो आणि पॅकेटे 20 मेगाबिटांच्या अंतराने बाहेर पडतात. त्यांच्या पोचपावत्याही त्याच अंतराने परततात, आणि प्रेषक पुढची पॅकेटे त्या पोचपावत्यांच्याच तालावर सोडतो. मर्यादा अशी त्याच्यापर्यंत पॅकेटे न मारता पोचते.

रांग विलंब वाढवते, ही हरकत मात्र मी पुरेशा गंभीरपणे घेतो, कारण 10 लाख बाइटांची रांग भरली तर 400 मिलिसेकंदांचा विलंब होतो आणि फोनवरचे बोलणे असह्य होते. परंतु हा दोष शेपिंगचा नव्हे, बेहिशेबी रांगेचा आहे. लिनक्सवर ग्राहकाकडे जाणाऱ्या इंटरफेसला रांगेची मर्यादा एका ओळीत घालता येते :

```
tc qdisc add dev eth1 root tbf rate 20mbit burst 32kb latency 40ms
```

येथे 40 मिलिसेकंदांपलीकडे थांबावे लागेल असे पॅकेट टाकले जाते. एचटीबीने वेग बांधून खाली `fq_codel` ठेवल्यास एका मोठ्या डाउनलोडमागे फोनचे पॅकेट अडकूनही राहत नाही. मेमरीचा खर्चही असा आहे की, 100 किलोबाइटांची रांग हजार ग्राहकांना दिली तरी 10 कोटी बाइट लागतात, आणि ग्राहकांच्या टोकाशी बसविलेल्या साध्या यंत्रालाही ते जड नाही. हजारो प्रवाह एकाच चिपमधून नेणाऱ्या गाभ्यातील राउटरची गोष्ट वेगळी. तेथे पोलिसिंगची सोय मी कबूल करतो.

कोणता बंदोबस्त आपल्यावर लागू आहे, हे तक्रार करणाऱ्याला ओळखता येते : पॅकेट कॅप्चरमध्ये फेरीचा वेळ सपाट असताना हानीचे गठ्ठे दिसले, आणि आरंभी उंच असलेला वेग नंतर एका रेषेवर येऊन ठेपला, तर ते बहुधा पोलिसिंग आहे.

ग्राहकाकडून वर येणाऱ्या वाहतुकीवर मात्र पोलिसिंग उचित ठरते, कारण त्याचे उपकरण प्रदात्याच्या हुकमतीत नसते आणि करार मोडणाऱ्यापासून इतरांचा बचाव करणे भाग असते. त्या दिशेला जागरूक ग्राहकाने आपल्याच राउटरवर 19 मेगाबिटांचे शेपिंग बसवावे, म्हणजे रांग त्याच्या घरी राहते आणि प्रदात्याच्या बकेटमध्ये टोकने सहसा संपत नाहीत.