कॉफी प्यायल्यावर शरीरातलं पाणी घटतं का?

एप्रिल लागला की नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकतो आणि बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो: 'डॉक्टर, उन्हाळ्यात कॉफी बंद करू का?' एका कपामागे दोन ग्लास पाणी 'भरपाई' म्हणून पिणारेही भेटतात. या हिशेबाला आधार नाही.

समज अगदीच निराधार आहे, असं मात्र नाही. कॅफिनमुळे मूत्रपिंडात सोडियम परत शोषलं जाण्याचं प्रमाण थोडं कमी होतं आणि सोडियमबरोबर पाणीही बाहेर जातं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात १२ जणांना पाच दिवस कॅफिन बंद ठेवून मग एका दिवसात सहा कप कॉफी, म्हणजे ६४२ मिलिग्रॅम कॅफिन दिलं. त्यांची लघवी सुमारे पाऊण लिटरने वाढली. पण सवय मोडून एकदम एवढी कॉफी कोण पितं?

रोज पिणाऱ्यांचं उत्तर २०१४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासातून मिळालं. रोज तीन ते सहा कप पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस २०० मिलिलिटरचे चार कप कॉफी आणि दुसऱ्या फेरीत तेवढंच पाणी दिलं. शरीरातल्या एकूण पाण्यात फरक पडला नाही. हा अभ्यास फक्त पुरुषांवर आणि मध्यम प्रमाणावर झालेला आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

आता हिशेब. ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसाला पेयांतून दिवसाला साधारण दोन लिटर द्रव लागतो. वरण, भाजी, फळांतलं पाणी वेगळं. त्याने १५० मिलिलिटरचे चार कप कॉफी घेतली तर ६०० मिलिलिटर तिथेच जमा झाले. एक ग्लास ताक घेतलं तर २०० मिलिलिटर. उरलं १२०० मिलिलिटर, म्हणजे सहा ग्लास साधं पाणी. कॉफीसाठी जादा काही नाही.

उन्हात राबणाऱ्याला हे पुरणार नाही, पण त्याला कारण घाम. द्राक्षबागेत काम करणाऱ्याने कामाआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घटलं तर सुमारे एक लिटर पाणी कमी पडलं. घरी लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा ठीक, गडद असेल तर पाणी वाढवा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर मात्र रंग फसवतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये कॅफिनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली. इन्स्टंट कॉफीच्या कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे वरचे चार कप त्यात बसतात. चहाही घेत असाल तर तोही मोजा. गर्भवतींची मर्यादा याहून कमी असते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल, तर त्या मापात कॉफीही धरायची.